अंदाजे पाचशे कॅलरी

दोरीवर अर्धेच कपडे गेले होते. कामावरचे दोन निळे शर्ट, एक विजार, मोजे. चादर अजून टोपलीत ओली पडली होती, आणि वॉरिक टिली दातांत चिमटा धरून फोनकडे बघत उभा होता. पोर्ट केम्बलाच्या ऑगस्टातला, ऐन थंडीतला वारा अंगणातून शीळ घालत जात होता. चादर आत्ता घातली नाही तर सकाळपर्यंत वाळणार नव्हती, हे त्याला कळत होतं. पण सहा वाजले की त्याचं सगळं लक्ष जेवणाच्या ॲपकडे जायचं. दिवसभर बंदरावरच्या क्रेनमध्ये, जमिनीपासून उंच, काचेच्या एका खोक्यात तो एकटा बसलेला असे. वायरलेसवर "डावीकडे", "थांब", "सोड" एवढेच शब्द कानावर पडत. घरी आल्यावर निदान हे ॲप तरी काहीतरी विचारत असे.

आजची सकाळची अंडी आणि दुपारचा डब्यातला मासा धरून त्याच्याकडे रात्रीसाठी सहाशेच्या आसपास कॅलरी उरल्या होत्या, आणि प्रोटीन अजून पन्नास ग्रॅम जायचं होतं. त्यानं 'जास्त प्रोटीन' वर बोट ठेवलं. यादी वर सरकली. थाई करी: चव चांगली, पण नारळाच्या दुधानं आकडा फुगलेला. बर्गरवाल्या मोठ्या कंपनीचा डबा: तिथे आकडा किलोजूलमध्ये, कारण तसा नियमच आहे, त्याला चारनं आणि वर थोड्यानं भागायचं. पहिल्या आठवड्यात तो भागायला विसरला होता आणि दोन हजार वाचून घाबरून उपाशी झोपला होता. शेवटी बोट नेहमीच्या जागी आलं. वॉरावाँगमधलं निखाऱ्यावरच्या कोंबडीचं एक लहानसं दुकान. शिश ताऊकचं ताट, म्हणजे लिंबू-लसणात मुरवून सळईवर भाजलेले कोंबडीचे तुकडे आणि बाजूला कोशिंबीर. त्याखाली मोठ्या अक्षरांत: अंदाजे ५०० कॅलरी, ५८ ग्रॅम प्रोटीन.

त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती त्यानं कधी वाचली नव्हती.

लसणाची चटणी: नको. पोळी: नको. कोशिंबिरीवरचं तेल: वेगळं द्या. काटा: एक. दुकानासाठी सूचना म्हणून चौकटीत तो रोज तेच लिही, 'तेल नको, चटणी नको, पोळी नको. आभार.' मग ऑर्डर देऊन टाकली आणि उरलेली चादर कशीबशी दोरीवर फेकली.

आठ वर्षांपूर्वी याच अंगणात त्याची बायको जनेल कपडे वाळत घालायची आणि तो किनाऱ्यावरच्या गस्तीवरून आला की ओरडायची, "वाळू बाहेर झटक, वॉरिक!" मग ती क्वीन्सलंडला निघून गेली. भांडण नव्हतं. "तुझ्याबरोबर राहून मी एकटीच असते, तर एकटीनंच राहिलेलं काय वाईट?" एवढं म्हणाली आणि गाडीत बसली. त्यानंतर उरला तो समुद्रकिनाऱ्यावरचा जीवरक्षकांचा क्लब. रविवारी सकाळी लाल-पिवळी टोपी घालून पोहण्याची सुरक्षित जागा दाखवणाऱ्या झेंड्यांच्या मध्ये उभं राहायचं, पोरांना लाटेच्या आत जाऊ नका म्हणून हाकारायचं, तंबूत बसून कोणाची तरी चेष्टा करायची आणि आपली करून घ्यायची. अख्ख्या आठवड्यात त्याला 'वॉझा' म्हणून हाक मारणारी माणसं तेवढीच.

गेल्या हंगामात ती माणसंही गेली. दरवर्षी गस्तीवाल्याची परीक्षा असे: पळायचं, पोहायचं, पुन्हा पळायचं, सगळं आठ मिनिटांत. वॉरिक पाण्यातून बाहेर आला आणि वाळूवर गुडघा धरून बसला. वजन एकशे तेरा. गुडघ्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, एकशे पाचच्या खाली येईपर्यंत मऊ वाळूवर पळायचं नाही. परीक्षा नाही म्हणजे गस्त नाही. या हंगामाच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटी, आणखी एक परीक्षा होती, आणि त्याला ती द्यायची होती. बाकी त्याचं कोणाकडे काही मागणं नव्हतं.

क्लबची पोहण्याची शिक्षिका केली-ॲन हिनं योजना आखून दिली होती. रोज एकोणीसशे कॅलरी, एकशे चाळीस ग्रॅम प्रोटीन, आठवड्यातून तीनदा तलाव. "तू स्वयंपाक करणार नाहीस ते मला माहीत आहे," ती म्हणाली होती. "मागवून खा. पण आकडा बघून मागव, आणि खाल्लेलं सगळं नोंद. खोटं नोंदलंस तर मला नाही, तुझ्याच गुडघ्याला फसवशील."

डबा आला. वॉरिकनं तो टेबलावर उघडला आणि रोजच्यासारखा आधी फक्त वास घेतला. तुकडे चकाकत होते, लसणाचा घमघमाट, कोशिंबिरीच्या पानापानावर ओल. खाली कोंबडीचा रस प्यायलेली पातळ मऊ पोळी, डब्याच्या तळाला अंथरलेली. पोळी नको म्हटलं होतं, पण ही काही वेगळी दिलेली नव्हती. डबा ओला होऊ नये म्हणून घालत असतील, असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आणि पाचशे आकडा तर या ताटाचाच होता. ताटात जे असेल ते सगळं त्यात आलं. त्यानं पोळी चिमटीत धरून शेवटचा घास पुसून खाल्ला. दिवसभरात मनापासून केलेली ती एकच गोष्ट. मग नोंदीत शिश ताऊकवर बोट ठेवलं. पाचशे. हिरवी खूण उमटली.

शनिवारी तलावावर केली-ॲननं त्याला वजनकाट्यावर उभं केलं.

"एकशे अकरा," ती म्हणाली. "पाच आठवडे, वॉझा. पाच. मागच्या शनिवारीही हेच होतं."

"काटा जुना आहे."

"काटा तुझ्यापेक्षा नवा आहे. फोन दे." तिनं ओल्या बोटांनी नोंदी वर सरकवल्या. "कागदावर तर तू साधू आहेस. रोज एकोणीसशे. या हिशेबानं तू आत्तापर्यंत एकशे सातवर यायला हवा होतास. खरं सांग, बियर?"

"नाही."

"रात्री फ्रिज?"

"फ्रिजमध्ये लोणी आणि बल्ब आहे. दुसरं काही नाही."

"मग तू खोटं बोलतोयस," ती सहज म्हणाली. तिला तलावाच्या दुसऱ्या पट्टीत पोहणाऱ्या पोराकडे लक्ष द्यायचं होतं. "सगळेच बोलतात, वाईट वाटून घेऊ नकोस. आज रात्रीपासून जे ताटात येईल त्याचा फोटो पाठवायचा. खायच्या आधी."

वाईट वाटून घेऊ नको म्हटल्यावर माणसाला वाईट वाटायचं थांबत नाही. वॉरिक गाडीत बराच वेळ बसून राहिला. आयुष्यात त्याच्या हातून चुका पुष्कळ झाल्या होत्या, पण ही नोंद त्यानं देवाला साक्षी ठेवल्यासारखी ठेवली होती. रात्री डबा उघडल्यावर त्यानं फोटो काढला आणि पाठवला. जेवण निवेपर्यंत उत्तर आलं नाही. मग फोन वाजला.

"हे काय चकाकतंय?"

"कोंबडी."

"कोंबडी अशी चकाकत नाही. ते तेल आहे. आणि त्याच्या खाली? ती पोळी आहे की रुमाल?"

"ते... डब्याच्या तळाला असतंच रोज."

"आणि ते तू खातोस?"

वॉरिकनं डबा हळूच पलीकडे सरकवला.

"वॉझा, तो पाचशेचा आकडा कुठून आला माहीत आहे? खालचं बारीक वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं चष्मा लावला. "मेनूतल्या वर्णनावरून काढलेला अंदाज. दुकानानं दिलेली माहिती नाही. प्रत्यक्ष जेवणात फरक असू शकतो."

"म्हणजे तो आकडा कागदावरच्या कोंबडीचा आहे. तुझ्या डब्यातल्या नाही. ॲपला काय माहीत दुकानवाला काय ओततोय ते? सोड ते दुकान. मोठ्या कंपन्यांचं मागव. त्यांचं सगळीकडे मापानं असतं, वजन करून, एकसारखं. समजलं? आणि ऐक, खोटं बोलतोस म्हणाले ते मागे घेते."

मागे घेतलेले शब्द कुठे जातात कोण जाणे. तरी त्याला थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बर्गरवाल्यांकडून भाजलेल्या कोंबडीची वाटी मागवली. किलोजूल भागले, आकडा बसला. वाटी आली ती चित्रातल्यासारखी, कोपऱ्यात मक्याचे दाणे मोजल्यासारखे. तिसऱ्या दिवशी तशीच. चौथ्या दिवशी तशीच. चुकीचं असं काही नव्हतं. पण डबा उघडताना वास घ्यायला तो थांबेना, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की संध्याकाळी सहा वाजण्याची वाट बघणंही बंद झालं आहे. खाल्लं काय आणि न खाल्लं काय, टेबल तेवढंच रिकामं.

पाचव्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो गाडी घेऊन थेट वॉरावाँगला गेला. जाताना तो स्वतःशी रागाची वाक्यं जुळवत होता. पैसे देऊन सांगितलेलं ऐकायचं नाही म्हणजे काय.

दुकान दाराएवढंच रुंद. मागे निखारे, पुढे काच, गल्ल्याशेजारी मेरीमातेचं चित्र आणि त्याच्यासमोर मिणमिणती मेणबत्ती. काचेमागे सत्तरीच्या घरातली एक ठेंगणी बाई सळया उलटत होती. केस फडक्यात बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत.

"बोल बाळा, काय देऊ?"

"मी रोज ॲपवरून मागवतो. शिश ताऊक. वॉरिक टिली."

बाईचा हात सळईवर थांबला. तिनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तू टिली?" ती म्हणाली. "अगं बाई! मला वाटलं होतं म्हातारा असशील. हाडं दिसणारा. अंथरुणाला खिळलेला." तिनं हात पुसत पुढे येऊन त्याचा दंड दाबला. "तुला तर भिंतीला टेकवलं तर भिंत पडेल. तीन दिवस कुठे होतास? मी म्हटलं, गेला. काल तुझ्या नावानं मेणबत्ती लावली चर्चात."

वॉरिकची जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मी मेलो नाही," तो म्हणाला.

"ते दिसतंय."

"अहो, मी पोळी नको लिहितो, तेल नको लिहितो. तरी डब्यात सगळं असतं."

"असतंच. मीच घालते." तिच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. "रोज एक ताट, एक काटा. तेल नको, चटणी नको, पोळी नको. कोण लिहितं असं? ज्याची डॉक्टरनं आशा सोडलेली असते तो लिहितो. माझ्या नवऱ्याला, एलियासला शेवटी असंच सांगितलं होतं, तेल बंद, मीठ बंद. मी ऐकलं. वाफवलेली कोंबडी खात खात गेला बिचारा. जाताना म्हणाला, नुहाद, जरा तेल घाल गं. मी नाही घातलं." ती निखाऱ्यांकडे वळली. "मग तुझी चिठ्ठी आली. मी म्हटलं, या टिलीला तरी घालूया."

सळया चरचरत होत्या. वॉरिक काचेजवळ सरकला. आठ वर्षांत कोणी त्याच्यासाठी त्याला न विचारता काही केलं नव्हतं. आणि आता त्यालाच ते बंद करायला सांगायचं होतं.

"मी आजारी नाही," तो हळू म्हणाला. "मला वजन उतरवायचंय. नाहीतर किनाऱ्यावरची गस्त मिळत नाही. सप्टेंबरच्या शेवटी परीक्षा आहे. ॲप म्हणतं ताट पाचशेचं. तुमच्या हातचं किती होतं मला माहीत नाही. मला ते कळायला हवं."

"मला काय माहीत? मी हातानं घालते."

"तेवढं वजन करून बघू द्याल?"

नुहादनं तोंड वाकडं केलं. मग मांस तोलायचा काटा काचेवर आणून आपटला. "घे. तुझ्या परीक्षेसाठी. मी कोंबडी तोलून घेते, प्रेम तोलत नाही, तेवढं लक्षात ठेव."

तिनं नेहमीसारखं ताट लावायला घेतलं आणि वॉरिक प्रत्येक वेळी काट्यावर डबा ठेवायला लावू लागला. कोंबडी दोनशे दहा ग्रॅम. ती बरोबर होती, उलट थोडी जास्तच. कोशिंबिरीवर तिनं बुदली वळवली, "इतकंसं," म्हणत. इतकंसं म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. वॉरिकनं फोनमध्ये शोधलं.

"अडीचशे कॅलरी."

"कसल्या?"

"तेलाच्या."

"खोटं." तिनं स्वतः चष्मा लावून बघितलं. मग भाजलेल्या तुकड्यांवरून लसणाच्या पांढऱ्या चटणीचा ब्रश फिरवला, तीही सगळी तेलातच फेटलेली. मग पोळी. वॉरिक बेरीज करत गेला. शेवटी आकडा अकराशेच्या पुढे गेला. जितकं उतरायचं तितकं रोज रात्री ती पुन्हा चढवत होती.

"अकराशे!" नुहाद म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "चला, तू उपाशी तरी राहिला नाहीस."

"नाही राहिलो," वॉरिक म्हणाला. मग त्यानं सांगून टाकलं, फार घाई करून, नाहीतर जमलं नसतं. "उद्यापासून पोळी नको. चटणी नको. तेल एक लहान चमचा. नुसता एक. प्लीज."

तिनं ब्रश डब्यात ठेवला, झाकण लावलं. "एक चमचा," ती म्हणाली. "तुझं शरीर, तुझा समुद्र. मी कोण?"

त्यानं फोनमध्ये 'माझा पदार्थ' म्हणून नवी नोंद केली. नुहादचं ताट, तोललेलं, पाचशे चाळीस कॅलरी, साठ ग्रॅम प्रोटीन. नाव घालताना त्यानं तिला विचारलं आणि ती म्हणाली, "लिही काय लिहायचं ते, मला काय कळतं तुझं फोनातलं." पण तिचा चेहरा उतरला होता, आणि तिला तशीच सोडून तो बाहेर पडला.

त्या दिवसापासून डबा सांगितल्याप्रमाणे येऊ लागला. कोंबडी कोरडी, कोशिंबीर कोरडी, तळाला कागद. तेल एका झाकणाच्या कुपीत, तेही अर्धीच भरलेली. एकदाही चूक झाली नाही. त्याला रोज वाटायचं आज चुकेल, आणि रोज ती चुकायची नाही. चित्रातल्यासारखं मापात बसलेलं ते ताट बघून बर्गरवाल्यांची वाटी आठवायची. फक्त लिंबाचा वास तिचा होता. तो मात्र मापात येत नव्हता.

वजन उतरायला लागलं. त्यानं कामावर दुपारचा चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडाही बंद केला, तलाव तीनदाचा पाचदा केला. केली-ॲन काट्यापुढे वाकून म्हणायची, "जातंय, वॉझा, जातंय." सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी काटा एकशे पाचच्या जरा खाली थांबला. तिनं टाळी दिली आणि दुसऱ्या पट्टीतल्या पोराकडे धावली.

परीक्षेच्या दिवशी पाणी बर्फासारखं होतं. वॉरिक सगळ्यात शेवटी पाण्यातून बाहेर आला, पण आला. गुडघ्यानं त्रास दिला, तरी वाळूवर त्याला बसावं लागलं नाही. घड्याळवाल्यानं वेळ वाचली. आठ मिनिटांच्या आत, अगदी काठावर. कोणीतरी पाठीवर थाप मारली, "म्हाताऱ्या, भूत झालायस की काय?" केली-ॲननं त्याच्या नावापुढे खूण केली. मग सगळे घोळक्याघोळक्यानं वर बारमध्ये गेले. त्यातल्या बहुतेकांचा जन्मच तो गस्त घालायला लागल्यानंतरचा होता. त्यानं एक सोडा प्यायला, एकदोन जणांच्या बोलण्यात हसला. त्यांच्या गोष्टी गेल्या उन्हाळ्याच्या होत्या, जेव्हा तो नव्हता. अर्ध्या तासानं "निघतो" म्हणाला तेव्हा कोणी ऐकलं असं वाटलं नाही.

घरी येऊन त्यानं ओले कपडे दोरीवर टाकले. जनेलला कळवावं असं एक क्षण वाटलं, पण काय म्हणून? सहा वाजले. त्यानं ॲप उघडलं, नुहादचं ताट. पोळी नको, चटणी नको, तेल एक चमचा, काटा एक. मग सूचनेच्या चौकटीत त्याचं बोट अडलं. नेहमीचं लिहून झाल्यावर त्यानं पुढे टाइप केलं: 'परीक्षा पास झालो. वॉरिक.' आणि ऑर्डर दिली.

मग तो दाराशी बसला. ती पावतीवरचं वाचेल. ती आत ओरडेल, हसेल. कदाचित आज मुद्दाम चूक करेल.

डबा आला. पिशवीला दुकानाची छापील पावती टाचलेली होती. त्यानं ती दिव्याखाली धरली. त्यावर त्याचंच लिहिलेलं छापून आलं होतं: तेल एक चमचा, पोळी नको, परीक्षा पास झालो, वॉरिक. त्याखाली कोरं. त्यानं उलटून पाहिलं. तिथेही काही नव्हतं. डब्यात कोंबडी कोरडी, कोशिंबीर कोरडी, कुपीत अर्धं तेल. सगळं बरोबर.

आज दुकानात दुसरं कोणी असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. रविवार आहे. ती चर्चला गेली असेल. पावत्या भिंतीवरच्या यंत्रातून निघतात, हात त्या टाचतात आणि डोळे दुसरीकडे असतात, एवढंच. आपली बातमी आपल्यालाच परत आलेली बघून त्याला हसू आलं, आणि मग हसू आलं नाही. तो जेवला. नोंदीत नुहादच्या ताटावर बोट ठेवलं. पाचशे चाळीस. हिरवी खूण उमटली.

भांडं धुवायला काहीच नव्हतं. त्यानं टेबल पुसलं, पावती नीट घडी करून पाकिटात ठेवली आणि उद्याच्या कामाचे बूट दाराशी काढून ठेवले. उद्या सुटल्यावर आधी वॉरावाँगला, दुकानात जाऊन नुहादला सांगून यायचं होतं.